यूपीआयने तिऱ्हाइताच्या खात्यात पैसे भरले, आता ऐन हंगामात खातं गोठलंय (देवगड)

डोंबिवलीकर_मामा

मंडळी, जरा तातडीने माहिती हवी आहे. भाचा देवगडला असतो. घरची हापूसची कलमं आहेत, माल वाशीला जातो आणि अडत्याचे पैसे त्याच्या नावावरच्या बचत खात्यात येतात. परवा खोकेवाल्याला पैसे पाठवायला गेला तर व्यवहार होईना. एटीएममधूनही काही निघेना. शाखेत गेला तर काउंटरवरच्या मुलीने एवढंच सांगितलं, "सायबरचं आहे, आमच्या हातात काही नाही."

घरी आल्यावर बापाने खोदून विचारलं तेव्हा कळलं की साहेब मोबाईलवर पैसे लावून कसलासा खेळ खेळत होते. त्यात पैसे भरायचे म्हणजे ॲप एक क्यूआर दाखवतं, तो स्कॅन करून यूपीआयने पाठवायचे आणि मग बारा आकडी यूटीआर नंबर ॲपमध्ये टाकायचा. त्याने एकदा २,००० भरले, एकदा ५,०००, एकदा ३,०००. तिन्ही वेळा समोर वेगळंच नाव. एक कुठली तरी ट्रेडर्स, दोन साध्या माणसांची नावं. नंतर ७,४०० जिंकले म्हणून काढून घेतले, ते खात्यात आले. गोष्ट एवढीच.

खात्यात २ लाख ८६ हजार आहेत, सगळे आंब्याचे. त्यातल्या रुपयालाही हात लावता येत नाही. दहा हजार भरणाऱ्या पोराचे पावणेतीन लाख कशाला अडकवतात? पोलीस घरी येतील का? भावोजींनी जेवण सोडलंय.

सागरकिनारी

मामा, चुकीच्या यूपीआय आयडीवर पैसे गेले असतील तर घाबरू नका. लगेच १९३० ला फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार टाका, परत मिळतात. माझ्या मेव्हणीचे तीन हजार असेच परत आले होते.

डोंबिवलीकर_मामा

अहो, चुकून गेलेले नाहीत. त्याने स्वतः भरलेत. अडकलंय त्याचंच खातं.

शाखा_सोडलेला_माणूस

मामा, मी बँकेतून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं हीच कागदपत्रं हाताळली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही भरलेल्या दहा हजारांकडे बघताय. माझा अंदाज असा की खातं भरलेल्या पैशांमुळे गोठलेलं नाही, आलेल्या ७,४०० मुळे गोठलंय.

हे ॲपवाले स्वतःच्या नावाने पैसे घेऊ शकत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बँकांनी आणि पेमेंट कंपन्यांनी त्यांचे पैसे हलवायचे नाहीत, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणून ते भाड्याच्या खात्यांवर चालतात. कुणाचं तरी बचत खातं, सिम आणि एटीएम कार्ड विकत किंवा भाड्याने घ्यायचं, ते दोन-चार दिवस वापरायचं, बंद पडलं की पुढचं. म्हणून तर दरवेळी नाव बदलतं. यूटीआर हाताने टाकायला सांगतात त्याचंही कारण हेच. खऱ्या दुकानदाराला पैसे आल्याचं त्याची यंत्रणाच सांगते, गिऱ्हाइकाला नंबर टाकायला लावत नाहीत.

आता समजा, त्याच टोळीकडे किंवा तिच्या ओळखीच्या टोळीकडे शेअरच्या नावाखाली लोकांना फसवायचा दुसरा धंदा आहे. तेलंगणातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी त्यांच्या भाड्याच्या खात्यात साडेचार लाख पाठवले. तासाभरात ते पैसे पन्नास-साठ तुकड्यांत बाहेर गेले, आणि त्यातला ७,४०० चा एक तुकडा तुमच्या भाच्याला 'जिंकलेली रक्कम' म्हणून मिळाला. मास्तरांनी १९३० ला फोन केला की त्यांच्या पैशाची वाट पोर्टलवर उलगडत जाते. पहिलं खातं पहिला थर, तिथून जिथे गेले तो दुसरा थर. ज्या ज्या बँकेत पैसे पोचले तिला निरोप जातो आणि ती खातं धरते. तिथे बसलेल्या माणसाला देवगड, आंबा, खेळ यातलं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की चोरीचे ७,४०० या खात्यात उतरले.

हे खरं की नाही ते ताडून पाहता येतं. शाखेकडून लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या राज्याचे पोलीस, वादातली रक्कम किती, आणि कुठल्या यूटीआरवरून. तो नंबर भाच्याच्या पासबुकातल्या कुठल्या नोंदीशी जुळतो ते बघा. आलेल्या ७,४०० शी जुळला तर माझं म्हणणं बरोबर. भरलेल्या रकमेशी जुळला तर प्रकरण वेगळं, मग परत लिहा.

आणि एक आजच्या आज करा. अडत्याला फोन करून सांगा की या खात्यात पैसे टाकू नकोस. बहुतेक वेळा पैसे जायची वाट बंद असते, यायची उघडी असते. पुढच्या पट्टीचे पैसेही तिथेच जाऊन बसतील.

डोंबिवलीकर_मामा

अरे बापरे. पुढची पट्टी उद्याच व्हायची होती. लगेच फोन करतो.

बिनधास्त_बंड्या

एवढं टेन्शन कशाला? नवीन कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षाच नाही. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला. नोटीस आली तर टोपलीत टाका, दुसऱ्या राज्याचे पोलीस ७,४०० साठी देवगडला येत नसतात.

तालुका_कोर्टातला

बंड्या, पहिलं वाक्य बरोबर आणि शेवटचं घातक. केंद्राच्या त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे खरं. पण इथे विचारणा खेळाची नाहीच, चोरीचा पैसा तुझ्याकडे कसा आला याची आहे. गुन्हा फसवणुकीचा असतो.

मामा, नोटीस आली तर आधी वरचं कलम वाचा, त्यावरच सगळं ठरतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ असेल तर कागद मागितलेत; ते ईमेलने आणि पोस्टाने पाठवता येतात. कलम १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि या कलमाखाली अधिकारी आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्याच माणसाला हजर राहायला सांगू शकतो. तेलंगणाच्या अधिकाऱ्याला त्याखाली देवगडच्या पोराला तिकडे खेचता येत नाही. पण कलम ३५(३) असेल तर सावध. ती संशयिताला दिलेली नोटीस असते. तिला प्रतिसाद देत राहिलं तर सहसा अटक होत नाही, धाब्यावर बसवली तर अटकेला कारण मिळतं. टोपलीत टाकायचा सल्ला म्हणजे पोराला खड्ड्यात घालणं.

बिनधास्त_बंड्या

ओके वकीलसाहेब. मी खेळणाऱ्यांचंच बोललो होतो.

तारकर्ली_निवास

आमचा अनुभव सांगतो. आमचं तारकर्लीला घरगुती मुक्कामाचं आहे. डिसेंबरात एका पर्यटकाने ६,००० ॲडव्हान्स पाठवला, पण नाव दुसऱ्याचंच दिसत होतं. मी म्हटलं, मित्राचं असेल. तो माणूस आलाच नाही, आणि महिन्याने खात्यात ६,००० वर होल्ड. मी काही खेळलो नव्हतो, तरी झालंच की! फरक एवढाच की आमचे बाकीचे पैसे चालू होते, फक्त सहा हजार बाजूला ठेवले होते. बुकिंगची वही, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि जीएसटीची कागदपत्रं त्या अधिकाऱ्याला ईमेल केली. दीड-दोन महिने गेले, दोनदा आठवण करावी लागली, मग सुटलं. मामांच्या भाच्याचं मात्र सगळंच खातं का धरलंय?

शाखा_सोडलेला_माणूस

तारकर्लीकर, मुद्द्याचं विचारलंत. तुमच्याकडे ठरावीक रकमेवर होल्ड लागला, भाच्याच्या खात्यावर पूर्ण डेबिट फ्रीज आहे. कधी पोलिसांचंच पत्र तसं असतं. कधी पत्रात रक्कम लिहिलेली असते, पण शाखा धोका नको म्हणून सगळंच बंद करते. म्हणून ते पत्र बघणं महत्त्वाचं. पत्रात ७,४०० असेल तर बँकेलाच लेखी विचारायचं की बाकीचे कुठल्या आदेशाने अडवले? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा बऱ्याच याचिका एकत्र ऐकून पोलिसांच्या पत्रातल्या रकमेपुरताच फ्रीज ठेवायला सांगितलं होतं. महाराष्ट्रातल्या शाखेवर तो निकाल थेट बांधील नाही, पण अर्जात जोडला की वरच्या कार्यालयाला विचार करावा लागतो.

मालवणी_झिल

आमच्या गावात ह्याच्या उलटा झाला. एका झिलान आपला खातां भाड्यान दिल्यान, म्हयन्याक धा हजार गावतले म्हणान. सिम पण दिल्यान. तेच्या खात्यात्सून किती लाख फिरले ता तेकाच ठावक नाय. एक दिवस परराज्यातले पोलीस गाडी घेवन दारात. आवस रडान रडान अर्धी झाली. तुमच्या भाच्यान जेका पैसे पाठवले ना, तो असोच कोणाचो तरी झिल असतलो.

डोंबिवलीकर_मामा

मालवणी_झिल, हे वाचून भावोजी आणखी घाबरले. भाच्याने खातं भाड्याने दिलेलं नाही, मी तीनतीनदा विचारलं.

तालुका_कोर्टातला

मग तो फरक कागदावर दिसायला हवा, आणि तो दिसतोही. भाड्याच्या खात्यात दिवसाला डझनांनी अनोळखी माणसांचे पैसे येतात आणि तासाभरात निघून जातात, शिल्लक शून्याजवळ. भाच्याच्या खात्यात हंगामात मोठ्या रकमा येतात, मजुरी-खोक्यांना हळूहळू जातात, शिल्लक टिकते. एक वर्षाचा उतारा हाच त्याचा सगळ्यात चांगला साक्षीदार.

रत्नागिरीची_रेवती

एक विचारू? मीही एका ॲपमध्ये पैसे भरलेत, पण मला काढायलाच देत नाहीत. 'पैसे काढायला आधी कर भरा' म्हणून आणखी ४,००० मागतायत. मी १९३० ला तक्रार केली तर माझंच खातं बंद होईल का?

शाखा_सोडलेला_माणूस

रेवतीताई, ते ४,००० मुळीच भरू नका. खराखुरा कर असा खेळवाल्याच्या खात्यात यूपीआयने भरत नसतात. तक्रार जरूर करा, पण जे झालं तेच सांगा: अमुक ॲप, अमुक दिवशी स्वतः भरले, आता परत देत नाहीत आणि वर मागतायत. तक्रार केली म्हणून आपलं खातं गोठत नाही. मात्र आधी त्यांच्याकडून काही रक्कम काढून घेतली असेल तर तीही सांगा. ती नोंद उताऱ्यात आहेच.

हे मुद्दाम लिहितोय, कारण काही जण खेळात हरतात आणि मग 'माझ्या खात्यातून परस्पर पैसे गेले' अशी तक्रार ठोकतात. ज्याला स्वतःच्या पिनने पैसे पाठवले त्याचं खातं त्यामुळे धरलं जातं, आणि तो कधीकधी साधा दुकानदार किंवा क्रिप्टो विकणारा निघतो. खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

रत्नागिरीची_रेवती

एकदा ९०० काढले होते. ठीक आहे, तेही लिहिते.

डोंबिवलीकर_मामा

अपडेट. शाखेत मी स्वतः गेलो. आधी तोंडी टोलवाटोलवी, मग लेखी अर्जावर शिक्का घेतला तेव्हा व्यवस्थापकांनी कागद काढून दिला. एक नाही, दोन तक्रारी आहेत. तेलंगणाची ७,४०० ची, आणि तिचा यूटीआर आलेल्या पैशांशीच जुळतो, म्हणजे साहेबांचं म्हणणं खरं निघालं. दुसरी गुजरातची, १,५०० ची. भाच्याला ती आठवेना. उतारा उलटा वाचत गेलो तेव्हा सापडली: फेब्रुवारीत त्याने एकदा १,५०० काढले होते आणि ते वेगळ्याच नावाने आले होते.

म्हणजे वाद ८,९०० चा आणि अडकले २ लाख ८६ हजार. गुजरातच्या पत्रात रक्कम लिहिलीय. तेलंगणाच्या पत्रात 'खातं गोठवा' एवढंच.

आणखी एक. काल संध्याकाळी एकाचा व्हॉट्सॲप कॉल आला. पोलिसाचा गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह. म्हणाला, वीस हजार भरा, दोन्ही तक्रारी मिटवतो, नाहीतर अटक. भाच्याचं नाव, बँक, सगळं त्याला माहीत होतं.

तालुका_कोर्टातला

तो चोरच. ॲपमध्ये भाच्याने नाव, नंबर आणि बँक दिली होती ना, तिथूनच त्याला मिळालं. पोलीस तक्रार मिटवायला यूपीआयवर पैसे घेत नाहीत. आणि ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणं चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. त्याचा नंबर आणि स्क्रीनशॉट ठेवा, देवगड पोलीस ठाण्यात कळवा. खऱ्या अधिकाऱ्याशी बोलायचं तर बँकेच्या कागदावर असलेल्या ईमेलवर लिहा, किंवा त्या ठाण्याचा नंबर राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरून स्वतः शोधा.

आता अर्जाचं. दोन्ही ठिकाणी वेगवेगळे अर्ज करा. त्यात खरं लिहा: हा खेळ खेळलो, इतके भरले, इतके काढले, मूळ फसवणुकीशी किंवा ज्याने पैसे पाठवले त्याच्याशी ओळख नाही. आंब्याचे पैसे आले म्हणून ७,४०० झाकायला जाऊ नका. देणाऱ्याचा जबाब निघाला की उघडं पडतं, आणि मग साधा पोरगा खोटारडा ठरतो. जोडायचं ते वर्षाचा उतारा, सातबारा, अडत्याच्या पट्ट्या, आणि ॲपमधल्या भरणा-काढणीच्या नोंदींचे स्क्रीनशॉट. ॲप काढून टाकू नका, मेसेजही पुसू नका. रागाच्या भरात घरचे पहिलं तेच करतात.

हिशेबनीस_काकू

मला एक कळत नाही. ते ७,४०० आणि १,५०० त्या लोकांना परत देऊन टाकले तर? विषय संपेल ना?

बिनधास्त_बंड्या

काकूंशी सहमत. देऊन टाका आणि मोकळे व्हा.

तालुका_कोर्टातला

कुणाला देणार? ज्या भाड्याच्या खात्यातून आले तिथे पाठवले तर चोराला परत दिल्यासारखं होईल. मूळ फिर्यादी कोण हे आपल्याला माहीत नाही, आणि कुणी खाते क्रमांक पाठवून 'मीच तो' म्हणाला तर विश्वास कसा ठेवणार? माझं मत असं की अर्जातच लिहावं: वादातली रक्कम कोर्टाच्या आदेशाने फिर्यादीला द्यायला हरकत नाही, उरलेल्या रकमेवरचा फ्रीज उठवावा. अधिकाऱ्याने ना-हरकत पत्र दिलं नाही तर तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज करता येतो.

शाखा_सोडलेला_माणूस

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. 'हरकत नाही' हे वाक्य लिहिताना जपा. मी असे अर्ज पाहिलेत की पुढे तेच वाक्य 'रक्कम चोरीची असल्याचं मान्य केलं' असं वाचलं गेलं. 'कुठलाही दोष मान्य न करता' हे शब्द आधी घाला.

तालुका_कोर्टातला

ते घालायचंच. पण त्या शब्दांनी किती वाचवलं जातं यावर आमच्या बारमध्येच एकमत नाही. मी तरी रक्कम सोडायला तयार असल्याचं लिहितो, कारण आठ हजारांसाठी पावणेतीन लाख वर्षभर अडकणं परवडत नाही.

तारकर्ली_निवास

मामा, तोवर हंगाम कसा चालवताय? आमचं अख्खं अडलं असतं तर गडीमाणसांचा पगार निघाला नसता.

डोंबिवलीकर_मामा

अडत्याने पुढच्या पट्ट्या भावोजींच्या जिल्हा बँकेतल्या खात्यात टाकायला सुरुवात केली. राखणीच्या नेपाळी गड्यांचे पैसे मी तात्पुरते दिले. पण गाडीच्या कर्जाचा हप्ता याच खात्यातून जातो, तो परत गेला. दंड लागला.

शाखा_सोडलेला_माणूस

भावोजींच्या खात्यात घेताय ते ठीक, कारण कलमं त्यांच्याच नावावर असतील आणि पट्टीही त्यांच्या नावे निघेल. पट्टीवर भाच्याचं नाव आणि पैसे बापाला, असं होऊ देऊ नका. उद्या कुणी विचारलं तर पैसा वळवल्यासारखं दिसेल. हप्त्यासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीला फ्रीजच्या कागदाची प्रत द्या आणि दुसऱ्या खात्यातून भरा. दंड माफ करतील की नाही ते त्यांच्यावर.

मालवणी_झिल

आणि भाच्याक सांगा, मोबाईलवर दिसणारा नाव वाचल्याशिवाय पिन घालू नको. खेळ रवलोच बाजूक.

डोंबिवलीकर_मामा

अपडेट. गुजरातच्या अधिकाऱ्याचं ईमेलवर उत्तर आलं आणि बँकेने तिकडचा होल्ड १,५०० पुरता मर्यादित केला. तेलंगणाकडून फक्त पोच आलीय, अर्ज 'विचाराधीन'. कलम ९४ खाली उतारा आणि ओळखपत्र मागितलं होतं, ते पाठवलं. तिकडच्या कोर्टात वकील द्यायचा की आणखी महिनाभर थांबायचं यावर घरात वाद चालू आहे. भाऊजी थांबा म्हणतात, बहीण म्हणते आजच द्या.

शाखा_सोडलेला_माणूस

थांबणार असाल तर दर आठवड्याला त्याच ईमेलच्या साखळीत आठवण पाठवा, नवीन ईमेल सुरू करू नका. पुढे कोर्टात जावं लागलं तर तीच साखळी जोडता येते. आणि तेलंगणाचं ना-हरकत पत्र आलं तरी लगेच व्यवहार करून बघू नका. शाखेकडून लेखी घ्या की दोन्ही पोचक्रमांक त्यांच्या यंत्रणेतून निघाले, गुजरातचे १,५०० सोडून. एक तक्रार निघाली आणि दुसरीचा फ्रीज तसाच राहिला असं बऱ्याचदा होतं. मग माणूस पैसे टाकतो आणि परत अडकतो.